ग्रँटची तारीख आधी पाहा

अमेरिकेत जीवशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश मिळतो तेव्हा तो एका प्रोग्रामला मिळतो, लॅबला नाही. ही गोष्ट नीट कळली की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. ऑगस्टमध्ये तुम्ही विद्यापीठात पोचता तेव्हा तुमचा गाईड ठरलेला नसतो. पहिल्या वर्षी वर्ग चालू असतानाच तीन लॅबमध्ये प्रत्येकी आठ-दहा आठवडे काम करायचं असतं. त्याला रोटेशन म्हणतात. मे-जूनपर्यंत त्यातली एक लॅब तुम्हाला आणि तुम्ही त्या लॅबला पसंत पडायला हवं. मग दुसऱ्या वर्षी क्वालिफाइंग परीक्षा. ती पास झाली की तुम्ही खऱ्या अर्थाने पीएचडीचे उमेदवार होता. त्याआधी नाही.

मी ठाकुरद्वारच्या एका चाळीत वाढले. आमच्या मजल्यावर सीएची आर्टिकलशिप कुठे करावी, बँकेच्या परीक्षेला कुठला क्लास लावावा, मेडिकलला किती मार्क लागतील, हे सांगणारे काका-मावश्या दर दुसऱ्या दाराआड होत्या. पीएचडीचं सांगणारं कोणी नव्हतं. एमएस्सी मी फोर्टातल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून केली. तिथल्या आमच्या सीनियर्सची पीएचडी म्हणजे एक गाईड, एक विषय, नोंदणी आणि मग चार-पाच वर्षं मान खाली घालून काम. परळच्या हाफकिनमध्ये किंवा एनआयआरआरसीएचमध्ये जे गेले त्यांचंही तसंच. त्यामुळे रोटेशन म्हणजे काय, तर तीन ठिकाणी काम बघून आवडेल ते निवडायचं, एवढंच मला निघताना माहीत होतं. आवडणं हा त्यातला शेवटचा भाग असतो, हे तिथे गेल्यावर कळलं.

माझं दुसरं रोटेशन ज्या प्राध्यापकांकडे झालं त्यांचा विषय मला मनापासून आवडला. पेशीतली खराब झालेली प्रथिनं ओळखून ती मोडून टाकणारी यंत्रणा, हा तो विषय. काम जमलं, लॅबमधली माणसं चांगली होती, आणि फेब्रुवारीत प्राध्यापक स्वतःहून म्हणाले, "तू ये, मला तू हवी आहेस." ते खोटं बोलत नव्हते. एप्रिलमध्ये त्यांनी मला बोलावून सांगितलं की त्यांच्या मुख्य ग्रँटचं नूतनीकरण झालेलं नाही, आणि ज्या विद्यार्थ्याला पाच वर्षं पोसायची खात्री नाही त्याला ते घेणार नाहीत. माणूस सरळ होता म्हणून त्यांनी घेतलं नाही. कमी सरळ माणसाने घेतलं असतं, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यात मी अधांतरी लटकले असते.

तोवर पहिल्या आणि तिसऱ्या लॅबमधल्या जागा भरल्या होत्या. उन्हाळ्यात चौथं रोटेशन करावं लागलं. तिथे जागा मिळाली, पण विषय संपूर्ण वेगळा, आणि क्वालिफाइंग परीक्षेची तारीख मात्र वर्गातल्या सगळ्यांची जी तीच माझी. इतर जण आठ-नऊ महिने एका विषयात मुरून परीक्षेला बसले. मी तो विषय शिकत शिकत बसले. निकाल 'अटींसह उत्तीर्ण' असा लागला. एक उद्दिष्ट पूर्ण नव्याने लिहून द्यावं लागलं. पुढे सगळं मार्गी लागलं, पण त्या वर्षभरात जी घालमेल झाली ती टाळता येण्यासारखी होती. कशी, तेच इथे सांगते.

पहिल्या वर्षाचा तुमचा स्टायपेंड बहुधा प्रोग्राम किंवा विद्यापीठ देतं. लॅब ठरली की तो भार गाईडच्या ग्रँटवर जातो. स्टायपेंड, ट्यूशन आणि आरोग्यविमा, तिन्ही. अमेरिकन विद्यार्थ्याला इथे एक आधार असतो. 'एनआयएच' म्हणजे तिथली राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्था विद्यापीठांना प्रशिक्षणासाठी ग्रँट देते, त्यातून त्याचा स्टायपेंड एक-दोन वर्षं निघू शकतो. त्याला वैयक्तिक फेलोशिपलाही अर्ज करता येतो. या दोन्ही वाटा नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यापुरत्याच आहेत. नॅशनल सायन्स फाउंडेशनची जी मोठी फेलोशिप आहे तीही आपल्यासाठी नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनसारख्या काही थोड्या ठिकाणी एफ-वन व्हिसावाल्याला अर्ज करता येतो, पण त्यावर संसार मांडता येत नाही. म्हणजे आपल्या मुलांच्या बाबतीत गाईडची ग्रँट हाच एकमेव खांब. शेजारच्या टेबलावरची अमेरिकन मुलगी ज्या लॅबमध्ये निश्चिंत जाऊ शकते, त्याच लॅबमध्ये आपण गेलो तर गाईडला आपण जास्त महाग पडतो. हे कोणी तोंडावर बोलत नाही, पण जागा देताना त्याचा विचार होतो.

सुदैवाने कोणाकडे किती दिवसांचा पैसा आहे हे गुपित नसतं. एनआयएचचं रिपोर्टर नावाचं सार्वजनिक संकेतस्थळ आहे, `reporter.nih.gov`. तिथे प्राध्यापकाचं नाव टाकलं की त्यांच्या चालू ग्रँटची यादी येते. प्रत्येकीला एक क्रमांक असतो आणि तो वाचता आला पाहिजे. समजा असा दिसला:

`5R01GM0XXXXX-04`

सुरुवातीचा आकडा ग्रँटची जात सांगतो. १ असेल तर नवी, २ असेल तर स्पर्धेतून नूतनीकरण झालेली, ५ असेल तर मंजूर झालेल्या काळातलं पुढचं वर्ष. मधलं `R01` म्हणजे प्रयोगशाळा चालवणारी मुख्य ग्रँट, जी बहुधा चार-पाच वर्षांची असते. तिथे `R21` दिसलं तर ती दोन वर्षांची छोटी ग्रँट, तिच्या भरवशावर पीएचडीचा विद्यार्थी घेता येत नाही. `R00` दिसलं तर प्राध्यापक नुकतेच नोकरीला लागलेत आणि त्यांची सुरुवातीची तीन वर्षांची ग्रँट चालू आहे. `R35` दिसलं तर चांगली खूण, ती बरीचशी स्थिर असते. शेवटचा `-04` म्हणजे चौथं वर्ष चालू आहे. म्हणजे पाच वर्षांची ग्रँट असेल तर जेमतेम एक वर्ष आणि काही महिने हातात.

आता ही तारीख तुमच्या वेळापत्रकावर ठेवून बघा. समजा तुम्ही जूनमध्ये लॅबमध्ये रुजू होणार, आणि त्या ग्रँटची मुदत पुढच्या वर्षी ३० जूनला संपते. प्राध्यापक नूतनीकरणाचा अर्ज ५ नोव्हेंबरला टाकतील. त्याचं परीक्षण फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं, मे महिन्यात सल्लागार मंडळाची बैठक, आणि सगळं सुरळीत झालं तर जुलैपासून नवा पैसा. म्हणजे एकही महिना कोरडा जात नाही. पण पहिल्या फटक्यात अर्ज मंजूर होणं सोपं नाही. तो फेटाळला गेला तर सुधारून ५ जुलैला पुन्हा टाकायचा, परीक्षण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बैठक जानेवारीत, पैसा लवकरात लवकर एप्रिलला. जुलै ते मार्च, नऊ महिने लॅबकडे मुख्य ग्रँट नाही. आणि हे नऊ महिने येतात केव्हा? तुमचं दुसरं वर्ष संपता संपता, क्वालिफाइंग परीक्षेच्या अगदी मागेपुढे. माझ्या प्राध्यापकांचं असंच झालं होतं, फक्त एक वर्ष आधी.

एक सापळा इथे लक्षात ठेवा. मुदत संपल्यावर बऱ्याच ग्रँटना एक वर्षाची वाढ मिळते, पण त्यात नवा पैसा नसतो, उरलेला खर्च करायची सवलत असते. संकेतस्थळावर शेवटची तारीख पुढे सरकलेली दिसते आणि आपल्याला वाटतं, चला, अजून वर्ष आहे. म्हणून तारखेबरोबर त्या वर्षी प्रत्यक्ष किती रक्कम दिली गेली तेही बघा. रकमेचा रकाना रिकामा असेल तर ती फक्त मुदतवाढ.

ग्रँट संपत आलीय म्हणून ती लॅब लगेच बाद करायची, असं मात्र मी सांगणार नाही. चांगल्या प्राध्यापकाकडे दोन ग्रँट असतात, त्यांच्या मुदती वेगवेगळ्या वर्षी संपतात, आणि एक पडली तरी दुसरी तुम्हाला सांभाळते. नव्या प्राध्यापकाकडे विद्यापीठाने दिलेला सुरुवातीचा पैसा असतो, तो कुठल्याच संकेतस्थळावर दिसत नाही. काही विभागांत ग्रँटमध्ये खंड पडला तर विद्यार्थ्याला टीचिंग असिस्टंट म्हणून काम देऊन वर्षभर तारतात. काही ठिकाणी हे लेखी नियमात असतं, काही ठिकाणी विभागप्रमुखाच्या मर्जीवर. हे सगळं विचारूनच कळतं.

आणि विचारायला आपली मुलं लाजतात. पैशाचं कसं विचारायचं, सरांना काय वाटेल. आमच्या वाडीतला एक मुलगा मला म्हणाला, "ताई, पहिल्याच भेटीत ग्रँटचं विचारलं तर उद्धट वाटणार नाही का?" मी त्याला सांगितलं, "अरे, तिथे न विचारणाराच कच्चा वाटतो. फक्त भेटीत नको, रोटेशन सुरू व्हायच्या आधी ईमेलमध्ये विचार." विचारायचं ते असं: या वर्षी तुम्ही नवा विद्यार्थी घेणार आहात का? किती जागा आहेत आणि रोटेशनला किती जण येणार आहेत? मी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी आहे, प्रशिक्षणाच्या ग्रँटवर मला घेता येत नाही, तर माझा पूर्ण कालावधी तुमच्या ग्रँटमधून निघू शकेल का? तीन-चार ओळींचं पत्र. ज्यांच्याकडे पैसा आहे ते दोन दिवसांत सरळ उत्तर देतात. जे म्हणतात, आधी रोटेशन तर कर मग बघू, त्यांच्याकडे जायचं असेल तर जा, पण ते तुमचं शिकण्याचं रोटेशन समजा, राहण्याचं नाही.

रोटेशनचा क्रमही विचार करून लावायचा असतो. सगळ्यात आवडती लॅब पहिली घेऊ नका. पहिल्या दोन महिन्यांत तुम्हाला घर मिळायचं असतं, बँक खातं उघडायचं असतं, वर्गातलं इंग्रजी कानावर बसायचं असतं, थंडी सोसायची असते. तेव्हाचं काम तुमचं खरं काम नसतं आणि प्राध्यापकांना तेच दिसतं. शेवटची पण ठेवू नका, कारण तोवर जागा जातात. पक्की इच्छा असलेली लॅब दुसरी घ्या. पहिली अशी घ्या जिथे एखादं तंत्र धड शिकायला मिळेल. तिसरी मात्र खरीखुरी पर्यायी असू द्या, म्हणजे दुसरी फिसकटली तर तुम्ही तिथे पाच वर्षं आनंदाने काढाल अशी. माझी तिसरी लॅब नाव मोठं म्हणून घेतलेली होती, तिथे जागा आधीच ठरलेल्या होत्या. त्यामुळे पर्याय म्हणून ती कधी उपयोगाची नव्हतीच.

लॅबमध्ये असताना काय बघायचं, याबद्दल मुलांच्या मनात बरेच घोळ असतात. पेपर किती, जर्नल कुठलं, ते बाहेरूनही दिसतं. आतून बघण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत असं माझं मत झालंय. पहिली, तुम्हाला रोज हाताशी धरून शिकवणारं कोण आहे. प्राध्यापक आठवड्याला एक तास भेटतील, पण जेल का फाटली, पेशी का मेल्या, हे विचारायला तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा विद्यार्थी किंवा पोस्टडॉक लागतो. तो माणूस पुढच्या वर्षी असेल का? मोठ्या लॅबमध्ये पोस्टडॉक नोकरी शोधत असतो आणि तुम्ही रुजू व्हाल तेव्हाच तो निघून जातो. मग ज्याच्यामुळे लॅब आवडली तोच नसतो. दुसरी गोष्ट, गेल्या काही वर्षांत तिथून पीएचडी करून बाहेर पडलेले विद्यार्थी. किती वर्षांत बाहेर पडले, आणि मध्येच किती सोडून गेले. सोडून गेलेल्यांपैकी एकाला तरी गाठून बोला. रागावलेला माणूस जरा तिखट सांगेल, ते ऐकून अर्धं सोडून द्या. पण तिघांनी तीच गोष्ट सांगितली तर ती खरी धरा.

लॅबमधली माणसं निघून जातात यावरून मला कमला सोहोनी आठवतात. पुढे त्या आमच्याच फोर्टातल्या संस्थेत प्राध्यापक झाल्या, तिथल्या जुन्या लोकांकडून त्यांचं नाव मी विद्यार्थी असताना ऐकलेलं. केंब्रिजमध्ये त्यांनी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम सुरू केलं. रिक्टर तिथून दुसरीकडे गेले, तेव्हा त्या रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या आणि १९३९ मध्ये पीएचडी घेतली. गाईड जाऊ शकतो. नोकरी बदलतो, आजारी पडतो, ग्रँट जाते. तुमच्या विषयाच्या जवळचं काम करणारी दुसरी लॅब त्याच इमारतीत असेल, तर तुम्ही तरता. अर्ज करतानाच ज्या विभागात तुम्हाला पटणारे चार-पाच तरी प्राध्यापक आहेत तिथे अर्ज करा. एकाच नावासाठी अख्खं विद्यापीठ निवडू नका.

आता क्वालिफाइंग परीक्षा. ही पाठांतराची परीक्षा नसते आणि तिथेच आपली हुशार मुलं गडबडतात. बहुतेक जीवशास्त्राच्या प्रोग्राममध्ये तुम्हाला ग्रँटच्या धर्तीवर एक संशोधन-प्रस्ताव लिहायचा असतो, एक पान उद्दिष्टांचं आणि साधारण सहा पानं आराखड्याची. तो तीन-चार प्राध्यापकांच्या समितीपुढे दोन तास तोंडी मांडायचा. काही ठिकाणी तो तुमच्या स्वतःच्या कामावर असतो, काही ठिकाणी मुद्दाम वेगळ्या विषयावर. तुमचा गाईड बहुधा त्या खोलीत नसतो, असला तरी गप्प बसतो. फळ्याजवळ तुम्ही एकटे, हातात मार्कर.

सगळ्यात जास्त प्रस्ताव पडतात ते एका साध्या दोषाने. दुसरं उद्दिष्ट पहिल्यावर टांगलेलं असतं. माझंच उदाहरण घ्या. पहिलं उद्दिष्ट: अमुक एक प्रथिन पेशीत कोणाला चिकटतं ते शोधणार. दुसरं: त्या जोडीदाराला काढून टाकणार आणि पेशीवर काय परिणाम होतो ते बघणार. कागदावर तर्कशुद्ध. समितीतल्या बाईंनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "पहिल्या प्रयोगात काही सापडलं नाही तर?" माझ्याकडे उत्तर होतं, पुन्हा करीन. ते उत्तर नव्हे. पुन्हा करूनही काही सापडलं नाही तर उरलेली तीन वर्षं तुम्ही काय करणार, असा तो प्रश्न असतो.

नव्याने लिहिताना मी दुसरं उद्दिष्ट पहिल्यापासून सोडवलं. जोडीदार कोण ते कळो न कळो, त्या प्रथिनाचा जो भाग जोडीदाराला धरत असावा अशी आधीच्या अभ्यासांवरून शंका होती, तो भागच बदलायचा आणि परिणाम मोजायचा. आता पहिलं फसलं तरी दुसरं उभं. जोडीदार शोधायच्या प्रयोगातही समितीतल्या त्याच बाईंनी नेमकी जागा पकडली होती. आपल्या प्रथिनाला शेपूट जोडून ते पेशीतून ओढून काढलं की त्याच्याबरोबर शेकडो फालतू प्रथिनं चिकटून येतात. ज्या पेशीत ती शेपूट नाही तिच्यातूनही तसंच ओढून काढून बघितलं तरच खरे कोण आणि चिकटलेले कोण हे कळतं. हा कंट्रोल मी करणार होते, पण लिहिला नव्हता. जे लिहिलेलं नाही ते तुम्हाला माहीतच नाही असं समिती धरते, आणि तिचं बरोबर असतं.

म्हणून परीक्षेआधी निदान दोन महिने सीनियर विद्यार्थ्यांसमोर फळ्यावर रंगीत तालीम करा, स्लाइडशिवाय. तुमच्या विषयातल्यांसमोर एकदा आणि परक्या विषयातल्यांसमोर एकदा. विषयातले तुमच्या निष्कर्षावर हल्ला करतात. परके विचारतात, हे यंत्र नेमकं काय मोजतं? आणि तिथेच बोबडी वळते. रोज वापरत असलेल्या पद्धतीच्या तळाशी असलेलं रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र फळ्यावर काढून सांगता आलं पाहिजे. तालमीत तुम्ही तीनदा एकाच ठिकाणी अडखळलात तर परीक्षेतही तिथेच अडखळणार, हे पक्कं समजा.

इथे रोटेशन आणि परीक्षा एकमेकांना जोडता येतात, आणि ते जोडलं नाही तर पहिलं वर्ष अर्धं वाया जातं. पहिल्या लॅबमध्ये शिकलेलं तंत्र तुमच्या प्रस्तावातल्या एका उद्दिष्टाला उपयोगी पडू शकतं. ज्या प्राध्यापकांकडे रोटेशन केलं पण राहिला नाहीत, ते तुमच्या समितीवर यायला बहुधा तयार असतात. त्यांनी तुमचं काम पाहिलेलं असतं. माझ्या समितीत माझ्या दुसऱ्या लॅबचे, म्हणजे ज्यांनी पैशाअभावी मला घेतलं नाही ते प्राध्यापक होते. परीक्षेत ते कठोर होते. नंतर दुरुस्त केलेला मसुदा त्यांनी तीनदा वाचून दिला.

मागे फिरायची वेळ आली तर कशी फिरायची हेही आधी माहीत हवं. लॅब मिळाली नाही किंवा परीक्षा दोनदा फसली तर बरेच प्रोग्राम मास्टर्स देऊन निरोप देतात. तो निरोप अपमान म्हणून झटकून टाकू नका. एफ-वन व्हिसावर पदवी पूर्ण करून बाहेर पडलात तर साठ दिवस मिळतात, त्या पदवीच्या जोरावर एक वर्ष आणि विज्ञान शाखेत आणखी दोन वर्षं काम करायची परवानगी मागता येते. विद्यापीठाच्या परवानगीने मध्येच सोडलं तर पंधरा दिवस. आणि काढून टाकलं गेलं तर एकही दिवस नाही. म्हणजे एकाच वाईट बातमीची तीन वेगवेगळी टोकं. कुठलं तुमच्या वाट्याला येईल ते तुम्ही कोणत्या तारखेला, कोणत्या फॉर्मवर सही करता त्यावर ठरतं. राजीनाम्याचं पत्र लिहायच्या आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा. घरी फोन त्यानंतर करा.

हे वाचून कोणी म्हणेल, मग जायचंच कशाला. गिरगावातून थोड्या अंतरावर, कुलाब्याला नेव्ही नगरमध्ये टीआयएफआर आहे, तिथल्या जीवशास्त्र विभागातही विद्यार्थ्यांना रोटेशन करावं लागतं. बंगळूरच्या एनसीबीएसमध्ये आणि पुण्याच्या आयसरमध्ये इंटिग्रेटेड पीएचडीला रोटेशन आहे. आपल्याकडचा फरक पैशाच्या वाटेत आहे. नेटची जेआरएफ मिळालेला विद्यार्थी स्वतःचा स्टायपेंड बरोबर घेऊन येतो, जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार, आणि दोन वर्षांनी आढावा घेऊन एसआरएफ झाली की ४२ हजार. गाईडची ग्रँट गेली म्हणून त्याचं जेवण बंद होत नाही. पण त्याच्या प्रयोगाची रसायनं बंद होतात. म्हणून इथे विचारायचा प्रश्न वेगळा: पुढची तीन वर्षं अँटिबॉडी आणि एन्झाइम कुठल्या प्रकल्पातून येणार? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला जास्तीत जास्त सहा वर्षं, आणि सुरुवातीला किमान बारा क्रेडिटचं कोर्सवर्क. त्यामुळे पहिलं दीड वर्ष इथेही बघता बघता जातं. एमएस्सी चालू असतानाच्या उन्हाळ्यासाठी टीआयएफआरच्या व्हीएसआरपी या उन्हाळी कार्यक्रमाला अर्ज करा. दोन महिने एका लॅबमध्ये घालवलेत की आपल्याला हे आयुष्य झेपतं का, ते कळतं. माझ्या ओळखीच्या दोन मुलींनी तो उन्हाळा काढून परदेशाचा बेत सोडला. एकीने तो आणखी पक्का केला.

आणखी एक. २०२५ च्या वसंतात अमेरिकेत संशोधनाच्या पैशाला मोठी कात्री लागली. कित्येक ग्रँट मध्येच रद्द झाल्या, काही प्रोग्रामनी पीएचडीचे प्रवेश कमी केले, काहींनी दिलेले प्रवेशसुद्धा मागे घेतले. मी वर सांगितलेल्या तारखा आणि क्रमांक अजूनही बघायचेच आहेत, पण एका ग्रँटवर उभ्या असलेल्या लॅबचा धोका आता पूर्वीपेक्षा वाढलाय.

यंदा ज्यांचे प्रवेश नक्की झालेत त्यांना माझी एकच विनंती आहे. व्हिसाची तारीख मिळायची वाट बघत घरी बसला असाल, त्या जूनमध्येच विभागातल्या पाच-सहा प्राध्यापकांची नावं काढा, त्यांच्या ग्रँट कधी संपतात ते वहीत लिहा, आणि जागा आहे का, पैसा आहे का, हे विचारणारं पत्र प्रत्येकाला पाठवा. उत्तरं येईपर्यंत एकाही लॅबवर जीव जडवू नका.